१३२१ की १३३१? : स्कॅन केलेल्या प्रबंधातील संदर्भ दुरुस्त करताना

लातूर जिल्ह्यातील जळकोटचा एखादा तरुण आपल्या भागाचा निजामकालीन इतिहास लिहावयास बसला, तर त्याचा प्रवास बहुधा एखाद्या जुन्या प्रबंधाच्या संदर्भसूचीपासून सुरू होतो. शोधगंगेवर असे टंकलिखित प्रबंध स्कॅन करून ठेवलेले आहेत. तो तेथील संदर्भ निवडतो, कॉपी करतो आणि आपल्या टिपणात उतरवतो. घोटाळा नेमका याच क्षणी होतो. डोळ्यांना दिसते ते पानाचे छायाचित्र, कॉपी होतो तो मात्र त्याखाली दडलेला, यंत्राने अक्षरे ओळखून तयार केलेला मजकूर. त्यामुळे पान अगदी शुद्ध दिसत असतानाही चुकीचे अक्षर वहीत उतरते.

समजा, त्याच्या टिपणात पुढील तीन ओळी उतरल्या :

```
Yazdam, G. (ed.), The Early History of the Deccan, l960
Epigraphia Indica, Vol. 11, 1894
Report on the Administration of H.E.H. the Nizam's Dominions, 1321 E
```

पहिल्या ओळीतील बिघाड उघड आहे. ग्रंथाचे संपादक गुलाम याझदानी. त्यांच्या नावातील शेवटची दोन अक्षरे यंत्राने एक समजली. वर्षातील पहिला आकडा मात्र आकडाच नाही, ते एल अक्षर आहे. गंमत म्हणजे येथे यंत्राचा दोष असेलच असे नाही. अनेक जुन्या टंकयंत्रांवर १ची वेगळी कळच नसे. टंकलेखक एल दाबून काम भागवीत. यंत्राने जे टंकले होते तेच वाचले. अंकाला चिकटलेली अशी अक्षरे शोधण्यास एवढा नमुना पुरतो :

```
[0-9][lIO]|[lIO][0-9]
```

शोधावे जरूर, पण एका फटक्यात सर्वत्र बदलू नये. प्रत्येक ठिकाणी छायाचित्र पाहूनच बदल करावा आणि कॉपी झालेली मूळ ओळ शेजारच्या रकान्यात तशीच राहू द्यावी.

दुसरी ओळ या नमुन्याच्या जाळ्यात सापडत नाही, कारण तीत सर्व अंकच आहेत. पण एपिग्राफिया इंडिकाचा अकरावा खंड १९११-१२चा आहे. १८९४ हे वर्ष दुसऱ्या खंडाशी जुळते. म्हणजे टंकलेखकाने रोमन दोन लिहिले आणि यंत्राने त्या दोन उभ्या रेघांना अकरा मानले. खंड आणि वर्ष ही एकमेकांची साक्षीदार असतात; म्हणून कोणत्याही नियतकालिकाच्या संदर्भात दोहोंचा मेळ आधी घालावा.

खरी परीक्षा तिसऱ्या ओळीची आहे. १३२१ हे वर्ष पाहून अनेकांचा हात शिवशिवतो : इंग्रजी अहवाल चौदाव्या शतकातला कसा असेल, हे १९२१ असणार! असा बदल झाला की संदर्भ कायमचा हरवला. शेवटचे इंग्रजी ई हे अक्षर मुळात एफ आहे आणि त्याचा अर्थ फसली. निजामाच्या राज्यात ऑक्टोबरात सुरू होणारे फसली वर्ष कारभारात चालत असे. त्यात ५९० मिळवले की ते ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. त्यानुसार १३२१ फसली म्हणजे १९११-१२.

तरीही एक खटकते. निजामाला ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ हा किताब १९१८ साली मिळाला. त्यापूर्वी तो केवळ ‘हिज हायनेस’ होता. १९११-१२च्या अहवालाच्या शीर्षकात हा वाढीव किताब कोठून आला? कार्बन प्रतीवर २ आणि ३ यांची गल्लत सहज होते. १३३१ फसली, म्हणजे १९२१-२२, वाचले तर किताब आणि वर्ष जुळतात. मात्र हा अजून संशयच आहे, निकाल नव्हे. प्रबंधकर्त्याने सर्वच अहवालांना एकाच साच्यातील शीर्षक दिले असेल, तर १३२१च बरोबर ठरेल. म्हणून पान मोठे करून तो आकडा त्याच पानावरील दुसऱ्या निःसंशय ३शी ताडून पाहावा. प्रकरणातील तळटीपेत तोच संदर्भ पुन्हा आला असेल, तर तीही पाहावी. एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर दोन्ही वर्षे प्रश्नचिन्हासह टिपून ठेवावीत. हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात जाऊन एकाच वर्षाचा अहवाल मागायचा आणि तो भलत्याच दशकाचा निघायचा, यापेक्षा ते कितीतरी बरे.

आता उलट दिशेचा धोका. सूचीत बीडचे इंग्रजी स्पेलिंग ‘भीर’ असे वाचता येईल, तर उदगीर बीदर जिल्ह्यात दिसेल. हे यंत्राचे प्रमाद नव्हेत. निजामकाळात बीडचे इंग्रजी लेखन तसेच होत असे आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होते. लातूर जिल्हा तर १९८२ साली झाला. त्यापूर्वीच्या संदर्भात तो घुसडला, तर अभिलेखागाराच्या जुन्या सूचीत ते गाव सापडणारच नाही. आजची नावे आपल्या टिपणात, वेगळ्या रकान्यात लिहावीत. संदर्भातील नाव मूळ पानावर आहे तसेच ठेवावे.