दहा चेहरे आणि एक चौकोन

मागच्या वर्षी जानेवारीत आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन झालं. आठवीच्या अकरा मुलींनी पाणी गाळायचं यंत्र केलं होतं. प्लास्टिकच्या बाटल्या, वाळू, कोळसा आणि कापूस. मी त्यांना मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण फोटो काढायचं काम दर वेळी माझ्याकडेच येतं, कारण बाकीच्यांचे फोटो हलतात म्हणे.

त्या अकरांपैकी एका मुलीच्या आईने जूनमध्येच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘मिस, फोटो निकालो, मना नहीं. पन इसके अब्बा के लोगां कू दिखना नहीं.’’ ती नवऱ्याचं घर सोडून भावाच्या आधाराने आमच्या गावात राहायला आली होती. का सोडलं ते मी विचारलं नाही. तिच्या डाव्या हाताचं मनगट नीट वळत नव्हतं, तेवढं मला पुरे होतं. सासरच्यांना ती माहेरीच कुठेतरी आहे एवढं ठाऊक होतं. गाव कोणतं, शाळा कोणती, हे ठाऊक नव्हतं.

म्हणून पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी मी व्हॉट्सॲपमधलीच सोय वापरली. फोटो निवडला की पाठवण्याआधी वर पेन्सिल दिसते. तिच्यावर बोट ठेवलं की बाजूला रंगांची पट्टी येते आणि खाली जाड-बारीक रेघा. त्या रेघांच्या शेवटी बारीक चौकोनांची जाळी असते. ती निवडून चेहऱ्यावर बोट फिरवलं की चेहरा चौकोनांत फुटतो. आधी दोन बोटांनी फोटो मोठा करून घ्यावा, नाहीतर बोट जाड आणि चेहरा चिमुकला, आणि शेजारणीचा अर्धा गालही पुसला जातो. मी अगदी मन लावून ते काम केलं. हनुवटी, कान, कपाळावर आलेली बट. फोटो गेला. दहा चेहरे आणि एक चौकोन.

आठ दिवसांनी तिची आई शाळेत आली. बसली नाही. तिच्या दिराने तिच्या भावाला फोन करून शाळेचं नाव घेऊन विचारलं होतं, पोरगी बरी शिकते ना? एवढंच. पण त्या ‘एवढंच’मध्ये काय होतं ते आम्हा दोघींना कळत होतं. पुढचे नऊ दिवस मुलगी शाळेत आली नाही.

चूक कुठे झाली ते शोधायला मला दोन संध्याकाळ लागल्या. ग्रुपवरचा फोटो तर बरोबर होता. व्हॉट्सॲपवर असा पुसून पाठवलेला फोटो समोरच्याला एकच सपाट चित्र म्हणून मिळतो. वरचे चौकोन सोलून खालचा चेहरा काढता येईल असे थर त्यात नसतात. पण पुसली जाते ती फक्त पाठवायची प्रत. गॅलरीतला मूळ फोटो जसाच्या तसा, अकराही चेहऱ्यांनिशी, माझ्याच फोनमध्ये बसून होता. आणि त्याच दिवशी एका सहकाऱ्याने माझा फोन मागून घेऊन प्रदर्शनाचे सगळे फोटो वरच्या कार्यालयासाठी पाठवले होते. छापायला स्वच्छ हवेत म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की फोटो लहान होत नाही, दाबला जात नाही, मूळ फाइल जशी आहे तशी जाते. लोकेशन चालू ठेवून काढलेला असेल तर तो कुठे काढला याची नोंदही फाइलच्या पोटात तशीच जाते. तिथून तो कोणत्या कोणत्या ग्रुपांत फिरला, देव जाणे. शाळेचं नाव लिहिलेला बॅनर मुलींच्या मागे होताच.

सहकाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता. मूळ फोटो ठेवला मी, फोन हातात दिला मी.

त्यानंतर मात्र मी या पुसापुशीच्या मागेच लागले. आधी घरातल्यांवर प्रयोग केले. माझ्या धाकट्या बहिणीचा चेहरा जवळून घेतला, जाळीने पुसला आणि अम्मीला दाखवला. अम्मीने चष्मा वर केला, फोन लांब धरला आणि म्हणाली, ‘‘ही तर आपलीच. असं का केलंस?’’ मला वाटलं दुपट्ट्यावरून ओळखलं असेल. दुपट्टा कापून फक्त चेहरा ठेवला, तरी फोन लांब नेल्यावर मलाही ती दिसली.

यामागचं कारण जुनं आहे. १९७३मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्सच्या लिओन हार्मन या संशोधकाने अब्राहम लिंकनचं चित्र जेमतेम अडीचशे चौकोनांत मांडून दाखवलं होतं. जवळून नुसत्या करड्या फरशा. लांब जा किंवा डोळे किलकिले करा, की लिंकन. चौकोनांच्या कडांनी डोळ्याला गोंधळात टाकलेलं असतं. अंतर वाढलं की कडा विरतात आणि खालची उजेड-अंधाराची मांडणी उरते. चेहरा ओळखायला मेंदूला तेवढी पुरते. साल्वादोर दालीने १९७६मध्ये त्यावरून एक मोठं चित्रच काढलं.

म्हणजे जाळी चेहरा मिटवत नाही, तो ठोकळ करते. आमच्या अकरा मुलींच्या फोटोत एकेक चेहरा नखाएवढा होता. त्यावर इकडून तिकडे चार-पाच चौकोन आले, त्यात काही उरलं नाही. बहिणीच्या फोटोत चेहरा पडदाभर होता, एका ओळीत वीसेक चौकोन बसले, आणि वीस चौकोनांत माणूस मावतो. शिवाय आता बघणारा फक्त माणूस नाही. २०१६मध्येच अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दाखवून दिलं होतं की ओळखीच्या चेहऱ्यांचा संच आधी दिला तर जाळीखालचा चेहरा त्यातला कोणाचा, हे संगणक बऱ्याचदा बरोबर सांगतो.

यावरचा उपाय फारच बाळबोध निघाला. जाळी सोडायची, सर्वांत जाड रेघ घ्यायची आणि एकाच गडद रंगाने चेहरा भरून टाकायचा. दिसायला वाईट दिसतं. पण रंगाखाली काही शिल्लक राहत नाही. फक्त तो रंग पूर्ण अपारदर्शक हवा. आयफोनच्या फोटो एडिटरमध्ये पेनाशेजारी हायलायटर असतो. त्याने काळं फासलं की वरवर काळंच दिसतं, पण तो थोडा पारदर्शक असतो. पलीकडच्याने उजेड वाढवला की खालचं वर येतं. एका मुलीचं हजेरीपत्रक मी बहिणीच्या फोनवरून असंच ‘झाकून’ पाठवलं होतं, ते भाच्याने अर्ध्या मिनिटात वाचून दाखवलं. तेव्हापासून झाकून झालं की स्वतःच ब्राइटनेस वाढवून बघते.

कापण्याचंही तसंच. मला वाटायचं कात्री लागली म्हणजे तुकडा गेला. पण कित्येक फोन फोटो कापतात ते फक्त दाखवण्यापुरतं, मूळ मागे राखून. ‘पूर्ववत करा’ म्हटलं की बॅनर परत हजर. २०२३मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या एडिटरचा एक दोष उघड झाला. कापलेली लहान फाइल जुन्या मोठ्या फाइलच्या जागी लिहिताना जुनीचं शेपूट तसंच राहायचं, आणि त्या शेपटातून कापलेला भाग काही अंशी परत काढता यायचा. कित्येक वर्षं लोक असे स्क्रीनशॉट कापून पाठवत होते. तो दोष त्याच मार्चमध्ये दुरुस्त झाला, पण आधी पाठवलेल्यांचं काय? जिथे पाठवताना फोटो नव्याने दाबला जातो तिथे ते शेपूट गळून पडतं. म्हणून असा फोटो मी फोटो म्हणूनच पाठवते, डॉक्युमेंट म्हणून कधीच नाही.

सिग्नल नावाच्या ॲपमध्ये जून २०२०पासून चेहरे आपोआप धूसर करायची सोय आहे. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर लोक रस्त्यावर उतरले होते, त्यांचे फोटो निघत होते, तेव्हा ती आली. एक बटण चालू केलं की फोनच्या आतच चेहरे शोधले जातात आणि झाकले जातात. सुटलेले आपण बोटाने झाकायचे. मी वर्गाचा फोटो देऊन बघितला. मान वळवलेल्या आणि ओढणी कपाळापर्यंत घेतलेल्या मुली त्यातून सुटल्या. आमच्या शाळेत अशा मुली अर्ध्या.

या सगळ्यात एका साहेबांनी मला विचारलंच, ‘‘मॅडम, तुमच्यात फोटो चालत नाही का?’’ मी म्हटलं, चालतो सर. मुलीच्या जिवाला नको म्हणून झाकलाय. त्यांनी मान हलवली, पण पहिलं उत्तरच त्यांना जास्त पटलं असावं.

आता खरी गोष्ट. नऊ दिवसांनी मुलगी परत आली. मी तिच्या घरी गेले होते, मामाशी बोलले होते, मामा वकिलाला भेटून आला होता. मार्चमध्ये तिला मराठी निबंधात तालुक्यात दुसरा क्रमांक मिळाला. उर्दू माध्यमाच्या मुलीला मराठीत! मी फोटो काढला आणि सवयीने लगेच तिच्या चेहऱ्यावर काळा रंग भरला. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

‘‘मिस, सगळ्यांना चेहरे असतात. मलाच डाग.’’

मला उत्तर सुचलं नाही. तिचं म्हणणं दुसऱ्या अंगानेही खरं होतं. अकरांत एकीलाच झाकलं की बघणारा आधी तिच्याकडेच बघतो आणि विचारतो, ही कोण? शोधणाऱ्याला आम्ही बोट दाखवत होतो. त्यात नातेवाईक चेहऱ्यावरून थोडेच ओळखतात? उभं राहण्याची ढब, चपला, छातीवरची नावाची पट्टी. ओळखीच्या माणसासाठी चेहरा पुसणं म्हणजे वहीवरचं नाव खोडून अक्षर तसंच ठेवणं.

आता मी फोटोच वेगळे काढते. यंत्र असेल तर यंत्र आणि त्यावरचे हात. बक्षीस असेल तर पाठीमागून, मुली मंचाकडे बघताना, बॅनर चौकटीबाहेर. काढतानाच जे आलं नाही ते पुसावं लागत नाही. कोणी चेहऱ्यांचा फोटो मागितलाच तर सगळ्यांचे झाकते, नाहीतर कोणाचाच देत नाही. वरच्या कार्यालयाला हात फारसे आवडत नाहीत. एकदा विचारणा झाली की विद्यार्थिनी कुठे आहेत. मी लिहून कळवलं, हातांच्या मागे आहेत.

निबंधाच्या दिवशी मात्र मी तिचा आणखी एक फोटो काढला, काहीही न झाकता. स्टुडिओवाला म्हणाला, व्हॉट्सॲप करा बाई, संध्याकाळी प्रिंट देतो. मी केबल लावून द्यायला लावली, छपाई होईपर्यंत दुकानात बसून राहिले आणि त्याच्या संगणकावरची फाइल त्याला माझ्यासमोर काढायला लावली, रिसायकल बिनमधूनसुद्धा. तो हसला. माझ्या फोनमधला फोटोही काढला, मग ट्रॅशमधूनही.

एकच कागदी प्रत आहे. पाच बाय सातची. ती तिच्या आईने लोखंडी पेटीत ठेवली आहे, मुलीच्या जन्मदाखल्याच्या घडीत.