'सध्या' काढ

भाची सेलूहून परभणीला आली आणि तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. तीन महिन्यांचं प्रेम, आता तिला ते नको होतं. "खाला, उसकू बुरा नै लगना," म्हणाली.

तिनं लिहिलं होतं: "सध्या मला जमणार नाही. घरचेही ऐकणार नाहीत. आपण दोस्त राहू, इन्शाअल्लाह."

वह्या तपासायची सवय. 'सध्या' वाचून तो ईदपर्यंत थांबेल. 'घरचे' वाचून त्यांना मनवायला येईल, आणि घरच्यांना तर अजून काही माहीतच नव्हतं. 'दोस्त' वाचून रात्री पुन्हा मेसेज करेल. नाही म्हणायचं धाडस नसलं की आपण इन्शाअल्लाह म्हणतो. तेही काढायला लावलं.

मग तिनं लिहिलं: "तू माझ्याशी नीट वागलास, शुक्रिया. पण मला हे नातं पुढे न्यायचं नाही. निर्णय माझा आहे, तो बदलणार नाही. यानंतर मी मेसेज करणार नाही, तूही करू नकोस."

"कडक वाटतंय," म्हणाली, पण पाठवलं.

रात्री उत्तर आलं: "ठीक आहे. खुदा हाफिज." तिची बोटं पुन्हा काहीतरी लिहायला लागली. मी फोन घेतला आणि दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला.