प्रमाणपत्राखालच्या चार ओळी आणि ‘सेवाभावी’ नावाचा सापळा

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात एक फ्रेम लावायची आहे. तुर्भे भागात २९ वर्षे एएनएम म्हणून काम केलेल्या एका ताईंना निवृत्तीच्या वर्षी पुरस्कार मिळाला. त्याचे प्रमाणपत्र त्यांनी स्वतः विहाराला दिले, कारण घरात भिंत कमी आणि ओल जास्त. फ्रेमखाली अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावायची, तिच्यावर गौरवाच्या चार ओळी हव्यात, आणि ‘तुम्ही एमए झालेल्या, तुम्हीच लिहा’ म्हणून ते काम माझ्याकडे आले. चार ओळींवर लेख कशाला, असे कुणाला वाटेल. पण त्या चार ओळींवरून समितीत तीन बैठका झाल्या, आणि ज्यावर वाद झाला ते सगळे शब्द आपल्या रोजच्या वापरातले आहेत.

समितीने आधीच एक मसुदा केला होता. ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा मानून, निःस्वार्थ भावनेने, हसतमुखाने अविरत सेवा करणाऱ्या सेवाभावी परिचारिका...’ आणि शेवटी मानाचा मुजरा. विहारात ‘ईश्वरसेवा’ कशी चालेल, एवढा आक्षेप काकांनीच काढला आणि तो शब्द खोडला. बाकी मजकूर त्यांना छान वाटत होता. मी म्हटले, काका, यातले ताईंचे नाव काढा आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही नर्सचे नाव घाला. एक अक्षर तरी बदलावे लागेल का? मग हा मजकूर ताईंबद्दल आहे की आपल्या मनातल्या नर्सबद्दल?

‘हसतमुखाने’ हा शब्द तर नीट तपासून पाहा. डॉक्टरच्या सत्कारात तो सहसा येत नाही. तिथे निष्णात, अनुभवी, तज्ज्ञ असे शब्द येतात. नर्सच्या वाट्याला हसू, माया आणि त्याग येतो. म्हणजे एकाच्या कौशल्याचे कौतुक आणि दुसरीच्या स्वभावाचे. स्वभावाचे कौतुक करण्याचा एक फायदा असतो. माणूस स्वभावानेच सेवाभावी असेल, तर रजा, बढती, कंत्राटी नेमणूक, ड्युटीचे तास हे विषय काढायची गरज उरत नाही. ‘निःस्वार्थ’ म्हटले की पगाराचा प्रश्न अवघडल्यासारखा होतो. ताई पगार घेऊन काम करत होत्या, वेळेवर मिळाला नाही तेव्हा मागतही होत्या, आणि त्यात कमीपणा काय आहे?

आता जरा मागे जाऊ. आजारी माणसाच्या देखभालीला मराठीत आपण ‘शुश्रूषा’ म्हणतो. बरेचजण तो ‘सुश्रुषा’ असा चुकीचा लिहितात, आमच्या मसुद्याच्या दुसऱ्या प्रतीतही तसाच होता. हा शब्द संस्कृतमधल्या ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूचा आहे. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, त्यातून आज्ञाधारकपणा, आणि त्यातून सेवा. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायातल्या ९१ व्या श्लोकात शूद्राला एकच कर्म नेमून दिले आहे, ते म्हणजे बाकीच्या तीन वर्णांची शुश्रूषा. तीही मनात असूया न ठेवता. कुरकुर करायची नाही! आपल्या मसुद्यातले ‘हसतमुखाने’ पुन्हा वाचा. १९२७ च्या २५ डिसेंबरला महाडला तो ग्रंथ जाळला गेला. त्यातली कल्पना मात्र सत्काराच्या शालीखालून आत येऊन बसते, आणि आपल्याला कळतही नाही.

मला कुणी म्हणेल, शब्दांचे अर्थ बदलतात, आज शुश्रूषा म्हणणाऱ्याच्या मनात मनू नसतो. मान्य आहे. म्हणून मी तो शब्द वापरूच नका असे म्हणत नाही. पण आपल्याकडे त्यासाठी दुसरा शब्द आणि दुसरी रीत असताना ती का विसरायची?

विनयपिटकाच्या महावग्गात पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची हकीकत आहे. तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. इतर भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून मंचकावर ठेवले. ही गोष्ट आपण वर्षावासाच्या प्रवचनात ऐकतो. पण त्याच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. चांगला ‘गिलानुपट्ठाक’ म्हणजे रुग्णपरिचारक कसा असतो, त्याची पाच लक्षणे तिथे दिली आहेत. त्याला औषध तयार करता येते. रुग्णाला काय चालते आणि काय चालत नाही हे त्याला कळते. तो लोभाने नव्हे, तर मैत्रीभावाने काम करतो. मलमूत्र, थुंकी, उलटी काढताना त्याला किळस वाटत नाही. आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने तो रुग्णाला उभारी देतो. पहिली दोन लक्षणे सरळसरळ कौशल्याची आहेत, आणि स्वभाव त्यानंतर येतो. (रुग्णाने कसे वागू नये, याचीही पाच लक्षणे शेजारीच आहेत. ती आपल्या दवाखान्यांत लावायला हरकत नाही.)

काकांनी नेमके तिसऱ्या लक्षणावर बोट ठेवले. ‘लोभाने नव्हे म्हणजे निःस्वार्थच की!’ प्रश्न चोख होता. पण तो नियम घर-संसार सोडलेल्या भिक्खूंसाठी आहे, तिथे पगार कुणालाच नव्हता. आणि तिथेही परिचारकाला कोरड्या कौतुकावर पाठवलेले नाही. भिक्खू वारला की त्याच्या वस्तूंवर मालकी संघाची. तरीही त्याचे चीवर आणि पात्र ज्यांनी त्याची देखभाल केली त्यांना द्यावे, कारण त्यांचे उपकार मोठे, असे ठरवले गेले. ते गुपचूप द्यायचे नव्हते. संघासमोर रीतसर निवेदन करायचे की अमुक भिक्खू वारला, हे त्याचे चीवर आणि हे पात्र, संघ ते परिचारकांना देत आहे. माझ्या मते गौरवपत्र असेच असावे. कोणी, कोणासाठी, काय केले, आणि म्हणून काय दिले. त्यात विशेषण एकही नाही. ‘उपट्ठाक’ या शब्दाचा अर्थही जवळ उभा राहणारा असा आहे. एका शब्दात हुकूम ऐकणे आहे, दुसऱ्यात जवळ उभे राहणे.

मग मी ताईंकडे गेले आणि विचारले, तुम्ही नेमके काय काम केले? पहिले उत्तर ठरलेले होते, ‘काय नाय गं, आपली ड्युटी.’ दुसऱ्या चहानंतर खरे बोलणे सुरू झाले. लस ठेवायची ती २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. लोकांना वाटते लस उष्णतेनेच खराब होते. पण हिपॅटायटिस बी किंवा पेंटाव्हॅलंट गोठली तरी वाया जाते, आणि नंतर वितळली की डोळ्यांना पटकन कळत नाही. संशय आला तर त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवायची, वितळू द्यायची, मग दोन्ही बाटल्या हलवून शेजारी ठेवायच्या. संशयातल्या बाटलीतला गाळ गोठवलेलीइतक्याच लवकर खाली बसला, तर ती फेकायची. नव्या मुलींना हे त्यांनी हाताने करून शिकवले.

आणि पोलिओची मोहीम. रविवारी बूथ, त्यानंतर घरोघर फिरणे. ज्या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांना डोस मिळाला त्या दारावर खडूने ‘पी’, आणि घर बंद असेल किंवा मूल राहिले असेल तर ‘एक्स’. पारसिक डोंगराच्या पायथ्याशी दगडखाणीत राबणाऱ्यांच्या वस्त्यांत दिवसा दारे बंदच असत. आईबाप खाणीवर, मूलही त्यांच्याबरोबर. तिथे सकाळी गेले की ‘एक्स’च ‘एक्स’. म्हणून ताई दिवेलागणीला पुन्हा जात. भारतातला वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्या विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या मोठ्या प्रमाणपत्रात ताईंच्या संध्याकाळी आहेत, पण त्या कुठे लिहिलेल्या नाहीत.

एकूण किती बाळांना लस दिली, हे विचारल्यावर त्या हसल्या. ‘टॅली शीट ऑफिसात जमा होतात, माझ्याकडे कुठे?’ समितीला ‘हजारो बालकांना’ असे लिहायचे होते. मी नको म्हटले. जो आकडा दाखवता येत नाही तो लिहिला, की खरा असलेला ‘२९ वर्षे’ हा आकडाही लोक तसाच समजतात.

आता जागेचे गणित. पट्टी १२ इंच रुंद. लोक पाच-सहा फुटांवरून वाचणार, म्हणजे अक्षर साधारण अर्धा इंच हवे. देवनागरीत वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतरही जास्त लागते. एकंदर चार ओळी आणि वीसेक शब्द. पुरस्काराचे नाव, तारीख, सही हे सगळे वर काचेत आहेच, ते पुन्हा लिहिणे म्हणजे जागा फुकट घालवणे. ताईंचे नाव मात्र प्रमाणपत्रावर वळणदार बारीक अक्षरात आहे, म्हणून ते पहिल्या ओळीत मोठे घेतले. नावाआधी ‘सौ.’ की ‘श्रीमती’ यावर अर्धा तास गेला. पुरुषाच्या नावाआधी त्याची बायको हयात आहे की नाही हे आपण लिहितो का? दोन्ही काढले. लसीच्या बाटलीची परीक्षा मला फार लिहायची होती, पण वीस शब्दांत ती समजावता येत नाही, आणि न समजलेले कौशल्य म्हणजे पुन्हा एक विशेषणच. म्हणून बंद दारे निवडली. ती वस्तीतल्या प्रत्येकाला कळतात.

मसुदा ताईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, ‘मी एकटी कुठं होते? अंगणवाडीच्या मदतनीस बाई असायच्याच. त्यांना कोण बक्षीस देतं?’ मी दोन शब्द वाढवले. ‘समर्पण’ तरी एकदा येऊ द्या, असा काकांचा शेवटपर्यंत आग्रह होता. तो मताला टाकला आणि पाच विरुद्ध तीन असा पडला.

दुकानदाराकडे मजकूर टंकलेला पाठवला, तरी तो जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टाईप करतो. जोडाक्षरे आणि अनुस्वार तिथेच मार खातात. पहिल्या प्रुफात ‘वस्त्यांत’चे ‘वस्त्यात’ झाले होते. मोबाईलवरच्या फोटोत हे दिसत नाही. म्हणून खऱ्या मापाची कागदी प्रत काढून घेतली, भिंतीला चिकटवली आणि सहा फुटांवरून दहावीतल्या एका मुलीला वाचायला लावली. ती न अडखळता वाचून गेली. नावाखालच्या तीन ओळी अशा आहेत:

तुर्भ्याच्या खाणकामगार वस्त्यांत २९ वर्षे लसीकरण.
सकाळी बंद असलेल्या दारांवर
अंगणवाडी मदतनिसांसोबत संध्याकाळी पुन्हा गेल्या.

पट्टी गुरुवारी मिळेल.