मेंदी चढते तिसऱ्या दिवशी

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीत माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. दिवाळी जवळ आली की ज्या त्या तोंडी एकच प्रश्न असतो, "ताई, मेंदी किती तास ठेवायची?" मी उलट विचारते, "भिजवली कधी?" डोक्यावर जायच्या आधीच अर्धा रंग भांड्यात ठरलेला असतो.

मेंदीच्या पानातल्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. वाळल्या पानात ते अडकून असतं. पाणी मिळालं की हळूहळू सुटतं, आणि लिंबाचा आंबटपणा ते लवकर वाया जाऊ देत नाही. सुटायचा वेग उबेवर असतो. आमच्याकडच्या मे महिन्यात तीन-चार तासांत काम होतं, थंडीत मात्र रात्र जाते. घड्याळापेक्षा भांडं बघावं: वरचा थर तपकिरी झाला, आतून हिरवाच आहे, आणि तळहातावर पाच मिनिटं ठेवलेल्या ठिपक्यानं केशरी डाग सोडला, की मेंदी तयार.

एक उदाहरण सांगते. गेल्या दिवाळीआधी शाळेतल्या एक बाई आल्या. केस खांद्याखाली, कानशिलाजवळ आणि भांगात भरपूर पांढरे, बाकी काळे. त्यांच्यासाठी दीडशे ग्रॅम पूड दोनदा चाळून घेतली. एका लिंबाचा रस आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट कालवली, झाकून रात्रभर ठेवली. दही घातलं नाही, अंडंही नाही. लॉसोन केसातल्या प्रथिनाला धरतं. भांड्यातच दुसरं प्रथिन दिलं तर थोडा रंग तेच खाऊन टाकतं.

केस आदल्या दिवशी धुतलेले, तेलाचा थेंब नाही. कपाळाच्या कडेला आणि कानांवर तेवढं खोबरेल लावलं, म्हणजे कातडी रंगत नाही. सुरुवात कानशिलापासून केली, कारण पांढऱ्या केसाला जास्त वेळ मिळायला हवा. बट बट घेऊन मुळापासून जाड थर दिला आणि वर प्लास्टिकची टोपी घातली. मेंदी वाळली की रंग देणं थांबवते. उघड्या डोक्यानं चार तास उन्हात बसून काही मिळत नाही, नुसती पोपडी पडते. बाईंच्या डोक्यावर तीन तास ठेवली. तासाभरात धुतली तर पांढऱ्या केसावर पिवळट झाक येते. चार तासांच्या पुढे फारसा फरक पडत नाही, मान तेवढी दुखते.

साध्या पाण्यानं धुतल्यावर बाईंनी आरशात पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, हे तर गाजर झालं!" कानशिलाजवळ भडक केशरी, बाकी डोकं होतं तसं काळं. मी म्हटलं, "दोन दिवस शाम्पू नाही, तेल नाही. परवा बोलू." हवा लागून रंग गडद होत जातो. तिसऱ्या दिवशी तेच केस विटकरी-तांबूस झाले होते. काळ्या केसांत उन्हात उभं राहिल्यावर तेवढी लाली दिसायची. मेंदी केसाचा मूळ रंग काढत नाही, झिरझिरीत तांबड्या ओढणीसारखी वर बसते. ओढणीखाली पांढरं असेल तर तांबडं दिसतं, काळं असेल तर काळंच.

म्हणून नुसत्या मेंदीनं पांढऱ्याचं काळं होत नाही. काळं हवं असेल तर मेंदी धुतल्यावर निळीच्या पानांची पूड वेगळी कालवून दुसरा थर द्यावा लागतो. अर्ध्या तासात केस कुळकुळीत करणाऱ्या 'काळ्या मेंदी'च्या पुड्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. अशा एका पुड्यानं माझ्याच कपाळावर पुरळ उठून डोळे सुजले होते. तेव्हापासून पुड्यामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी तो फोडत नाही, आणि नवा माल आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबते.

दिवाळीचा हिशोब मी चुकूनच शिकले. पहिल्या वर्षी धनत्रयोदशीला दुपारपर्यंत मेंद्या लावल्या. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी! पहाटे सगळ्यांच्या डोक्यावर तेल, मग शिकेकाई. रंग चढायच्या आतच घासला गेला आणि भाऊबीजेला सगळ्या फिकट केशरी. आता मी रमा एकादशीला मेंदी लावून देते. वसुबारस आणि धनत्रयोदशी केसांना हात लावायचा नाही. चतुर्दशीच्या अभ्यंगाला रंग मुरलेला असतो.

या वर्षी त्याच बाई दशमीच्या संध्याकाळी भांडं घेऊन आल्या. "भिजवूनच आणलीय," म्हणाल्या, "उद्या सकाळी येते."