बारा मिलिमीटर

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे एक, डाव्याचा उणे आठ. चष्मा काढला की उजवा डोळा घरभर फिरून येतो. डाव्याचं जग मात्र नाकासमोर चार-पाच बोटांवर संपतं. तेवढ्या टीचभर जागेत तो इतकं बारीक पाहतो, की सुईत दोरा ओवायला घरातले अजून मलाच हाक मारतात.

लहानपणी पूर्ण नंबराचा चष्मा मिळाला आणि डावा डोळा आळशी व्हायचा वाचला. मुलांचा मेंदू अशा काचा बऱ्याचदा निमूट सोसतो. मोठेपणी नवा चष्मा केला तेव्हा मात्र कुरकुर सुरू झाली. तक्ता दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येई, पण दुकानाची पायरी उतरताना जमीन तिरकी वाटे आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणके. "नंबर बरोबर आहे, सवय होईल," असं ज्याला त्याला सांगायची रीतच आहे. पण नंबर बरोबर असणं आणि दोन डोळ्यांचं एकमेकांशी पटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उणे नंबराची काच चित्र स्पष्ट करते, पण लहानही करते. ती डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटरवर बसते आणि हे अंतर जितकं जास्त, तितकं चित्र आक्रसतं. उणे आठच्या काचेतून ते अकराएक टक्क्यांनी लहान होतं, उणे एकमधून जेमतेम दीड टक्क्याने. फरक नऊ-दहा टक्क्यांचा. तीन-चार टक्के मेंदू कसाबसा चालवून घेतो, पाचच्या पुढे दोन चित्रं एकजीव करणं त्याला जड जातं. मोठ्या पोळीवर लहान पोळी ठेवावी, तशी मधे जुळतात आणि कडेने फसतात. ओळखायला सोपं आहे: चष्मा लावून दाराच्या चौकटीकडे बघा आणि आळीपाळीने एकेक डोळा झाका. माझी चौकट डावीकडे आली की अंग चोरते.

दुसरा त्रास वाचताना. काचेच्या मध्यातून पाहिलं तर ठीक, पण नजर एक सेंटिमीटर खाली गेली की काच प्रिझमसारखी वागते आणि जितका नंबर तितकं चित्र सरकवते. डावीकडे आठ, उजवीकडे एक. हातातल्या पुस्तकात डाव्या डोळ्याला तीच ओळ तीन-चार ओळी वर दिसू लागते. उभ्या दिशेची एवढी फारकत डोळ्यांना जुळवता येत नाही. म्हणून माझ्यासारखी माणसं नजर खाली न नेता मानच वाकवतात. लोकांना ती नम्रता वाटते.

मग चष्मेवाले डाव्या काचेचा नंबर मुद्दाम कमी देतात. डोकं दुखायचं थांबतं, पण डाव्याला लांबचं धूसरच राहतं.

पुस्तकात नॅपचा नियम म्हणून एक गोष्ट आहे. डोळा लांबट असल्याने उणे नंबर आला असेल, तर त्याच्या पडद्यावर चित्र मुळातच मोठं पडतं. चष्मा ते लहान करून हिशेब फेडतो, म्हणजे चष्माच योग्य! कागदावर हे चोख आहे. पण लांबट डोळ्यात पडदाही ताणलेला असतो आणि त्यावरच्या पेशी विरळ होतात. फेडलेलं चित्र मोजायला सारखं, भासायला लहान. हे ऐकल्यावर माझा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंवर विश्वास बसला. त्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स सुचवली होती.

लेन्स बुबुळावरच बसते, बारा मिलिमीटर उरतच नाहीत. तिचा नंबरही त्यामुळे बदलतो: चष्म्यातला उणे आठ लेन्समध्ये उणे सव्वासात होतो. माझ्या दोन चित्रांतला फरक दोन टक्क्यांच्या आत आला. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे खाली पाहिलं तरी नजर तिच्या मध्याजवळच राहते. पहिल्यांदा मान ताठ ठेवून वर्तमानपत्र वाचलं, तेव्हा ओळी जागच्या जागी होत्या.

तिचे नखरे आहेतच. हात धुऊन पूर्ण कोरडे करायचे, लेन्सला नळाचं पाणी कधीच लावायचं नाही. त्यातला अकँथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव बुबुळाला जबर दुखापत करू शकतो. लेन्स घालून झोपायचं नाही आणि पोहायचंही नाही. डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

आता चाळिशी लागल्यावर उजव्या डोळ्यात लेन्स घालणं मी सोडलंय. तो उघडाच उणे एक हातातल्या मोबाइलला पुरतो, डावा लेन्स घालून लांबचं बघतो. बारीक अंतराच्या अंदाजात थोडी खोट येते. रात्री गाडी चालवताना वरून एक हलका चष्मा लावते, उजवीकडे उणे एक आणि डावीकडे नुसती काच.