पॉलिसीचं अकरावं पान

वहिनीचं बाळ बत्तिसाव्या आठवड्यात आलं. दादाच्या कंपनीचा पाच लाखांचा ग्रुप इन्शुरन्स होता, त्यामुळे घरात पैशांची काळजी कुणी केली नाही. बाळ बारा दिवस एनआयसीयूत होतं. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएचं पत्र आलं: मॅटर्निटी लिमिट पन्नास हजार, ती संपली, बाकी तुम्ही भरा. दादा काउंटरवर उभा राहून पाच लाख, पाच लाख म्हणत राहिला. पाच लाख होतेच. फक्त बाळासाठी नव्हते.

त्यामुळे या वर्षी माझ्या हातात पुण्यातल्याच दोन कंपन्यांच्या ऑफर आल्या तेव्हा सीटीसी मी नंतर पाहिला. आम्हाला मूल हवंय. नवऱ्याचं स्वतःचं डिझाईनचं काम आहे, म्हणजे त्याच्याकडून ग्रुप इन्शुरन्स शून्य. आणि स्वतः विकत घेतलेल्या पॉलिसीत मॅटर्निटीसाठी बहुतेक वेळा दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

पहिल्या कंपनीत हातात महिन्याला नऊ हजार जास्त येत होते, वर्षाचे एक लाख आठ हजार. दोन्हीकडच्या एचआरनी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘पाच लाखांचा फॅमिली कव्हर, मॅटर्निटीसह, नवजात बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर्ड.’ ऐकायला अगदी सारखं. मी दोघींकडे पूर्ण पॉलिसी डॉक्युमेंट मागितलं. ऑफर लेटर हातात आल्यावर आणि होकार द्यायच्या आधी. मुलाखतीत हा विषय काढायची माझी हिंमत नाही, खोटं का बोला.

फरक अकराव्या पानावर निघाला. पहिल्या पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून कव्हर्ड होतं, पण ‘मॅटर्निटी लिमिटच्या आत’, आणि ती लिमिट पन्नास हजार. दुसरीत लिमिट एक लाख, आणि बाळाचा खर्च ‘फॅमिली सम इन्शुअर्डमधून’. नऊ महिन्यांचा वेटिंग पिरियड दोन्हीकडे माफ होता.

मग वहीत हिशेब मांडला. समजा सिझेरियन झालं आणि बिल एक लाख चाळीस हजार आलं. पहिल्या ठिकाणी खिशातून नव्वद हजार, दुसऱ्या ठिकाणी चाळीस. फरक पन्नास हजारांचा, म्हणजे वर्षाअखेर पहिली नोकरीच पुढे. सगळं सुरळीत झालं तर जास्त पगार जिंकतो, हे मान्य करायला हवं. पण बाळाला एनआयसीयू लागलं आणि अडीच लाख झाले, तर पहिल्या ठिकाणी ते पूर्ण आमचे, कारण लिमिट आईवरच संपलेली. दुसरीकडे ते पाच लाखांतून जातात. वहिनीचा किस्सा घरात घडला नसता तर मी कदाचित नऊ हजारच निवडले असते.

रजेचा प्रश्न वेगळा होता. 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा कायद्यानेच आहे, त्यामुळे ‘आम्ही 26 आठवडे देतो’ हे काही कौतुक नाही. अट अशी, की अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्याच कंपनीत 80 दिवस काम झालेलं हवं. माझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा. राजीनामा दिला त्याच आठवड्यात चौथा आठवडा असल्याचं कळलं, तर नव्या ठिकाणी रुजू होताना सतरावा लागेल. आठवड्याचे पाच दिवस धरले तर 80 दिवसांना सोळा आठवडे. तेहतिसावा आठवडा आला की झालं. वहिनीसारखं बत्तिसाव्यात झालं तर 75 दिवस भरतात, पाच कमी. म्हणून आम्ही ठरवलं, आधी रुजू व्हायचं, मग बघू.

बाबाच्या रजेबद्दल खासगी कंपन्यांना कायद्याची सक्ती नाही. नवऱ्याला तसाही कुणी देणार नाही, त्याची रजा म्हणजे तेवढ्या दिवसांचं बिल न करणं. तरी मी दोन्ही मॅनेजरना विचारलं, की तुमच्या टीममधल्या शेवटच्या बाबानं किती दिवस घेतले? या प्रश्नावरून माझ्यावर कुणाला संशय येत नाही, आणि उत्तर पॉलिसीपेक्षा खरं असतं. पहिला म्हणाला, “घेता येतात, पण तो तिसऱ्या दिवशी कॉलवर होता, डेडिकेटेड आहे.” कौतुकानं सांगत होता बिचारा. दुसऱ्यानं चार आठवडे सांगितले, आणि त्या काळात त्याचं काम कुणी केलं त्याचं नावही.

दुसरीकडे होकार कळवला. त्याआधी एचआरला एक ओळ मेल केली: नवजात बाळाचा खर्च मॅटर्निटी लिमिटच्या बाहेर, फॅमिली सम इन्शुअर्डमधून, हे कृपया कन्फर्म करा. पॉलिसी दरवर्षी नव्यानं होते, पुढच्या वर्षी हे कलम असेलच असं नाही, हे तिनं उत्तरात प्रामाणिकपणे लिहिलं. नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे. मी कॅलेंडरवर टाकलंय.

रुजू झाले त्या दिवशी डिपेंडंटचा फॉर्म आला. नवऱ्याचं नाव, जन्मतारीख भरली. खाली बारीक अक्षरात होतं, बाळ जन्मल्यापासून 30 दिवसांत कळवा. त्याचा मी फोटो काढला आणि नवऱ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं: “आई की मी, कोण कळवणार?” म्हटलं, तू. मी तेव्हा झोपलेली असेन.