उजवीकडून वाचलेला पत्ता

मुलांनो, माझी भाची पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या नावाने ईमेल आला. आठ आठवड्यांची इंटर्नशिप आणि महिना दोन हजार पौंड विद्यावेतन! घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. फक्त व्हिसाचे ३८,००० रुपये ४८ तासांत भरायचे आणि पासपोर्टची प्रत पाठवायची होती. ताईने तर बँकेतली ठेव मोडायची तयारी केली.

ईमेलमधली भाषा अगदी शुद्ध होती, सहीसुद्धा होती. पण रात्री भाचीने तो पुन्हा वाचला आणि मला म्हणाली, "मामा, 'मुलाखतीत तुम्ही उत्तम उत्तरं दिलीत' असं लिहिलंय. पण माझी मुलाखत घेतली कुणी?"

मग तिने पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडला. नाव काय, कुणीही काहीही लिहील! ईमेलचा पत्ता @ च्या पुढे, पण उजवीकडून वाचायचा. आपल्या घराच्या पत्त्यात गल्ली आधी आणि गाव शेवटी असतं ना, तसंच इथेही. ब्रिटनमधल्या विद्यापीठांचे पत्ते साधारणपणे `ac.uk` ने संपतात आणि ते नाव शिक्षण-संशोधन संस्थांनाच मिळतं. या पत्त्यात `ac.uk` होतं खरं, पण मधेच! शेवटी होतं `.com`. `.com` चं नाव कुणीही विकत घेऊ शकतो आणि त्याच्या आधी हवी ती अक्षरं जोडू शकतो.

आता तिने पैशांचा मजकूर पाहिला. खातं भारतातल्या बँकेत, तेही एका माणसाच्या नावावर! ब्रिटनच्या व्हिसाचं शुल्क तर अर्ज करताना तिथल्या सरकारच्या GOV.UK या संकेतस्थळावर भरतात. मग हे पैसे कुणाला?

तरी ताईला वाटत होतं, "खरं असलं तर? संधी जाईल गं!" म्हणून भाचीने विद्यापीठालाच विचारायचं ठरवलं. त्या ईमेलला उत्तर दिलं नाही, त्यातला फोनही फिरवला नाही. विद्यापीठाचं संकेतस्थळ स्वतः शोधलं आणि तिथल्या पत्त्यावर चौकशी केली. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं : अशी योजनाच नाही, पैसे आणि पासपोर्टची प्रत पाठवू नका.

भाचीने cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे गेलेच असते, तर आधी १९३० या क्रमांकावर फोन करावा लागला असता. जितक्या लवकर कळवावं, तितकी ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

ठेव मात्र मोडली नाही. भाचीने आता पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेत अर्ज केलाय. तिथे तिची मुलाखत खरोखर झाली, चांगली पाऊण तास!